दसऱ्याला उभी, पाडव्याला आडवी: दोन सोलर पॅनेलांचा कोन वर्षातून दोनदा बदलल्याने नेमकं किती मिळालं

पार्श्वभूमी

अकोले तालुक्याच्या पश्चिमेला, डोंगराच्या पोटाशी एक वस्ती आहे. निवृत्त प्राथमिक शिक्षक आणि त्यांची पत्नी तिथे राहतात. सगळे त्यांना गुरुजी आणि काकू म्हणतात, मीही तेच म्हणेन. विजेची लाइन त्यांच्या घरापासून सव्वा किलोमीटरवर थांबते. त्यामुळे २०२१ मध्ये त्यांनी सोलर बसवलं: ३३५ वॉटची दोन पॅनेलं, त्यांची वीज बॅटरीत भरणारा एमपीपीटी चार्ज कंट्रोलर, १५० एएचच्या दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या मिळून २४ व्होल्टची बँक आणि एक इन्व्हर्टर. पॅनेलं अंगणाच्या कडेला, जमिनीवरच्या लोखंडी अँगलवर दक्षिणेकडे तोंड करून २० अंशांत पक्की केलेली होती. गावाचा अक्षांश साडेएकोणीस. वर्षभर एकाच कोनात ठेवायची असतील तर अक्षांशाइतका कोन द्यायचा, हा बसवणाऱ्यांचा नेहमीचा नियम, आणि त्यात चूक काही नव्हती.

घरात फ्रीज, दिवे, दोन पंखे, टीव्ही, मोबाइल आणि थोडा मिक्सर. रोजचा खर्च २.१ युनिटच्या आसपास. या लेखातले युनिटचे सगळे आकडे घरात प्रत्यक्ष वापरायला मिळालेल्या विजेचे आहेत. कंट्रोलरच्या पडद्यावरचा आकडा त्याहून मोठा असतो, कारण त्यातून बॅटरी आणि इन्व्हर्टर आपापला वाटा घेतात.

अडचण

२०२२ च्या हिवाळ्यात गुरुजींनी पडवीलगतच्या दोन खोल्या शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी उघडल्या. त्या दिवशी खर्च २.७ युनिटवर जाऊ लागला. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून पहाटे चार-साडेचारला इन्व्हर्टर शिट्टी मारून बंद पडायला लागला. आधी फक्त रविवारी, मग सोमवारीही, आणि नाताळच्या आसपास जवळजवळ रोजच.

मी गेलो तेव्हा हायड्रोमीटर घालून बॅटरीच्या पाण्याची घनता तपासली. बॅटरी जितकी भरलेली तितकी ती जास्त. संध्याकाळी, दिवसभर ऊन खाल्ल्यावरसुद्धा, आकडा ११८० च्या वर जात नव्हता. पूर्ण भरलेल्या बॅटरीत तो १२४० च्या आसपास दिसायला हवा. काकूंची एक वही होती. त्यात त्या पाहुण्यांच्या जेवणाच्या हिशोबाशेजारीच कंट्रोलरवरचा रोजचा आकडा लिहीत होत्या, तेही कोणी सांगितलेलं नसताना. वहीवरून दिसलं की गेले नऊ दिवस बॅटरी एकदाही पूर्ण भरलेली नव्हती. लेड-ॲसिड बॅटरी अशी अर्धपोटी राहिली की प्लेटांवर सल्फेट बसतं आणि तिची ताकद कायमची घटते. त्यामुळे पहाटेच्या अंधारापेक्षा मला बॅटरीची काळजी जास्त वाटली.

हिशोब सरळ होता. पॅनेलांकडून रोज घरात येत होते २.२ युनिट. आडवारी खर्च २.१, म्हणजे शिल्लक नगण्य. शनिवार-रविवारी तूट दिवसाला अर्धा युनिट. दोन दिवसांत एक युनिट उचललं जायचं आणि पाच आडवारांत मिळून जेमतेम अर्धं परत भरलं जायचं. दर आठवड्याला खड्डा थोडा खोल होत होता.

समोरचे पर्याय

तालुक्यातल्या एका दुकानदाराने गुरुजींना आणखी दोन बॅटऱ्या घ्यायला सांगितलं होतं. हा सल्ला मला ठिकठिकाणी भेटतो, आणि अशा वेळी तो हमखास नुकसान करतो. रांजण भरत नाही म्हणून शेजारी दुसरा रांजण ठेवला तर पाणी वाढत नाही. बॅटरी वाढवली असती तर चार अर्धपोटी बॅटऱ्या झाल्या असत्या.

दुसरा पर्याय तिसऱ्या पॅनेलचा. चौकटीसह साधारण ११,००० रुपये. याने प्रश्न निर्विवाद सुटला असता. पण गुरुजींना पाहुण्यांचं काम पुढच्या वर्षी चालेल की नाही याची खात्री नव्हती, आणि त्यांना तो खर्च लगेच नको होता.

तिसरा पर्याय कोन बदलण्याचा. आहेत त्याच चौकटींना पुढे बिजागरी आणि मागच्या पायांना भोकं, गावातल्या वेल्डरकडे १,८०० रुपयांत काम. गुरुजींनी विचारलं, "पण यातून मिळणार किती?" कुठेतरी त्यांनी ऐकलं होतं की कोन बदलला की वीज २५ टक्के वाढते. तो आकडा खोटा नाही, पण तो जवळजवळ सपाट पडलेलं पॅनेल डिसेंबरात उभं केल्यावरचा आहे. गुरुजींचं पॅनेल सपाट नव्हतं, ते आधीच २० अंशांत होतं. तुलना कशाशी करतो त्यावर सगळं अवलंबून असतं.

सूर्याचा हिशोब त्यांना समजावायला फार वेळ लागला नाही. शाळेत त्यांनी मुलांना शून्य सावलीचा दिवस दाखवलेला होता. आमच्या अक्षांशावर तो मे महिन्याच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैअखेरीस येतो, आणि त्या दोन तारखांच्या मधे दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. डिसेंबरअखेरीस तोच सूर्य भर दुपारी डोक्यापासून ४३ अंश दक्षिणेला कललेला असतो. २० अंशांतल्या पॅनेलवर तेव्हा ऊन २३ अंश तिरकं पडतं, ३५ अंशांतल्या पॅनेलवर फक्त ८ अंश.

कागदावर मी काढलेला अंदाज असा: २० ऐवजी ३५ अंश ठेवले तर डिसेंबर-जानेवारीत सुमारे ८ टक्के जास्त, नोव्हेंबरात ६, फेब्रुवारीत ३ आणि ऑक्टोबरात जेमतेम १ टक्का. आठ टक्के म्हणजे ०.२ युनिटच्या आतबाहेर, नऊ वॉटचे पाच दिवे संध्याकाळी पाच तास जाळण्याइतकी वीज. एवढी बाब आहे, याहून मोठी नाही, हे मी गुरुजींना आधीच सांगितलं.

मोजणी, आणि तिथे टळलेली एक चूक

कोन बदलायचा ठरला तेव्हा गुरुजी उत्साहाने बादली आणि फडकं घेऊन निघाले. मी त्यांना थांबवलं, आणि या सगळ्या कामातला तो निर्णय मला आजही सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पॅनेलांवर दोन महिन्यांची धूळ होती, शेजारून कच्चा रस्ता जातो. धुणं आणि उभं करणं एकाच दिवशी केलं असतं तर वाढ १६-१७ टक्के दिसली असती आणि ती सगळी कोनाच्या नावावर जमा झाली असती. मग पुढच्या वर्षी कोन बदलला असता, धुणं राहून गेलं असतं आणि वीज कुठे गेली ते कळलं नसतं.

म्हणून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आम्ही एकेक गोष्ट वेगळी केली. दोन्ही पॅनेलं समांतर जोडलेली आहेत, म्हणजे दोघांचा व्होल्टेज एकच राहतो आणि कोणावर किती ऊन पडतंय ते ज्याच्या त्याच्या वायरमधल्या अँपिअरवरून कळतं. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर प्रत्येकाच्या वायरीभोवती धरायचा, बस. ढग आला तर दोघांवर सारखाच येतो, त्यामुळे कालच्या दिवसाशी आजची तुलना करण्याचा घोळ उरत नाही.

पहिल्या दिवशी फक्त पूर्वेकडचं पॅनेल धुतलं. दुपारी धुतलेलं ७.५ अँपिअर, न धुतलेलं ६.९. धुळीने आठ टक्के खाल्ले होते, म्हणजे कोनाकडून जेवढी अपेक्षा होती तेवढेच. मग दुसरंही धुतलं. दोन्ही ७.५ आणि ७.४ वर आली. ही पायरी वगळू नये, कारण दोन पॅनेलं मुळातच सारखी नसतील तर पुढची मोजणी फसते.

दुसऱ्या दिवशी पूर्वेकडचं ३५ अंशांवर उचललं. सकाळी नऊला जुन्या कोनातलं ४.४ अँपिअर देत होतं आणि उचललेलं ४.८. दुपारी साडेबाराला ७.४ आणि ७.९. म्हणजे सकाळी नऊ टक्के आणि दुपारी सात. सकाळ-संध्याकाळी टक्केवारी जास्त दिसते, कारण तेव्हा सूर्य खाली आणि दक्षिणेकडे असतो आणि जुन्या कोनाला त्याचं ऊन अधिकच तिरकं लागतं. तिसऱ्या दिवशी अदलाबदल केली, पश्चिमेकडचं उचललं, पूर्वेकडचं खाली. आकडे तसेच आले. कागदावरचे आठ टक्के खरे होते.

मोजताना एक काळजी घ्यावी लागते. बॅटरी भरत आली की कंट्रोलर स्वतःहून विद्युतप्रवाह कमी करतो. तेव्हा दोन्ही पॅनेलं कमीच देतात आणि फरक दिसेनासा होतो. "कोन बदलून काही फरक पडत नाही" असं सांगणाऱ्या काहींनी भरलेल्या बॅटरीवर मोजलेलं असतं. आम्ही मोजणीच्या वेळी काकूंना इस्त्री लावायला सांगत होतो, म्हणजे पॅनेलांकडून येईल तेवढं सगळं ओढलं जाई.

काय केलं

मागचा पाय चौकटीला बिजागरीपासून दीड मीटरवर लागतो. त्यामुळे ३५ अंशांसाठी त्या जागी चौकट बिजागरीच्या पातळीपासून ८६ सेंटिमीटर वर यावी लागते, २० अंशांसाठी ५१ आणि ५ अंशांसाठी १३. एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्यांना या उंचींवर भोकं पाडली आणि आरपार स्टेनलेसचा बोल्ट घातला. भोक पाडलं की गॅल्व्हनाइझचा थर तिथे जातो आणि पावसाळ्यात तिथूनच गंज धरतो, म्हणून प्रत्येक भोकाला आतून झिंकचा रंग दिला. कोन पक्का करण्यापूर्वी मोबाइलमधल्या कोनमापकाने चौकटीवर तपासला. अंगण सपाट दिसलं तरी दोन अंश उतरतं होतं.

४० अंश का नाही, असंही गुरुजींनी विचारलं होतं. हिशोबाने डिसेंबरात आणखी एक-दीड टक्का मिळाला असता, पण चौकट वाऱ्याला तेवढीच जास्त अंगावर घेते. एवढ्यासाठी ते नको वाटलं.

जानेवारी २०२३ मध्ये दोन्ही पॅनेलं ३५ वर गेली. दर पंधरा दिवसांनी धुणं ठरलं. रोज येणारी वीज २.२ वरून २.६ युनिटवर आली, त्यातली निम्मी वाढ पाण्या-फडक्याची आणि निम्मी कोनाची. आता शनिवार-रविवारची तूट दिवसाला ०.१ युनिट आणि आडवारची शिल्लक अर्धा युनिट. तिसऱ्या आठवड्यात हायड्रोमीटर १२३५ वर आला आणि पहाटेची शिट्टी बंद झाली.

गुढीपाडव्याचा बदल कशासाठी

दुसरा निर्णय मार्चमधला. उन्हाळ्यासाठी पॅनेलं खाली करायची, पण त्यातून काय मिळणार?

खरं सांगायचं तर वाढ म्हणून फारसं काही नाही. २० अंशांच्या तुलनेत ५ अंश ठेवले तर मे महिन्यात सुमारे सात टक्के जास्त येतात, पण मे महिन्यात गुरुजींची बॅटरी दुपारी एकच्या सुमारास भरलेली असते. त्यानंतरचं ऊन नुसतं पॅनेलवर पडून वाया जातं, त्यात सात टक्क्यांची भर पडून कोणाचा दिवा जास्त लागत नाही. जुलैत वाढ साडेचार टक्के. तेव्हा गरज खरोखर असते, पण पश्चिम अकोल्यातल्या पावसात रोजची वीजच दीड युनिटच्या आत असते. त्याचे साडेचार टक्के म्हणजे तीन-चार मोबाइल चार्ज होतील एवढं. पावसाळ्यात ऊन एका दिशेने येत नाही, सगळं आभाळच थोडं थोडं उजळलेलं असतं, आणि अशा उजेडाला कोनाचं फार सोयरसुतक नसतं. पावसाळ्याचा तुटवडा कोन बदलून सुटत नाही. ऐन पावसाच्या दोन महिन्यांत गुरुजी पाहुणे घेत नाहीत आणि फ्रीज रात्री बंद ठेवतात.

मग खाली का करायची? कारण ३५ वर तशीच राहिली तर नुकसान आहे. २० अंशांच्या पक्क्या कोनाशी तुलना केली तर मे महिन्यात १२ टक्के आणि जुलैत आठ टक्के कमी येतात. हिवाळ्यात कमावलेलं सगळं पावसाळ्याच्या तोंडावर परत द्यावं लागतं, आणि जुलैत ते परवडत नाही. दुसरं कारण वाऱ्याचं. एप्रिल-मेमध्ये वळवाच्या वावटळी येतात आणि उभी चौकट त्या पुऱ्या अंगावर घेते. म्हणजे दसऱ्याचा बदल मिळवण्यासाठी आणि पाडव्याचा बदल न गमावण्यासाठी. वर्षभराची बेरीज केली तर पक्क्या २० अंशांपेक्षा दोन वेळा बदलण्याने साधारण चार टक्के मिळतात, पण हा सरासरी आकडा गुरुजींच्या उपयोगाचा नव्हता. त्यांना डिसेंबरातले आठ हवे होते.

तारखांसाठी दसरा आणि पाडवा काकूंनीच सुचवले. दसऱ्याला अवजारांची पूजा होते, तेव्हा पॅनेलंही पुसली जातात आणि उचललीही जातात. हिशोबाची तारीख सप्टेंबरअखेर आणि मार्चच्या मध्याजवळ येते, सण कधी त्याच्या दोन-चार आठवडे पुढे सरकतात. ऑक्टोबरातला फरक एका टक्क्याचा असल्याने चार आठवड्यांच्या उशिराने काही बिघडत नाही. विसरलं तर मात्र बिघडतं, आणि सण विसरले जात नाहीत.

निष्पत्ती, आणि दोन चुका

पाडव्याला पॅनेलं ५ अंशांवर आणली, ही पहिली चूक. पावसाळ्यात खालच्या कडेला पाणी साचून राहिलं, मातीची रेघ बसली आणि तिच्यावर हिरवट शेवाळ धरलं. ती रेघ पॅनेलच्या सगळ्यात खालच्या सेलांवर येत होती. एका रांगेवर सावली पडली की त्या रांगेच्या माळेतले बाकीचे सेलही अडतात, त्यामुळे बोटभर रेघेचं नुकसान बोटभर राहत नाही. ऑगस्टमध्ये मी गेलो तेव्हा ती दिसली. आता खालचा कोन १० अंश आहे, नळीला २६ सेंटिमीटरवर नवीन भोक. ५ अंशांपेक्षा दीड-दोन टक्के कमी मिळतात, पण पाऊस काच धुऊन नेतो.

दुसरी चूक माझी स्वतःची. ५ अंशांवर असताना मी वायरी चौकटीला प्लास्टिकच्या पट्ट्यांनी नीट आवळून बांधल्या होत्या. २४ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी, गुरुजी आणि त्यांच्या पुतण्याने पॅनेलं उचलली तेव्हा एका पॅनेलची वायर ताणली गेली आणि एमसी-फोर कनेक्टर अर्धवट सुटला. वरून तो लागलेलाच दिसत होता. चौथ्या दिवशी काकूंचा फोन आला, "आकडा निम्म्यावर आलाय, आभाळ तर निरभ्र आहे." दोन पॅनेलांपैकी एक गेलं की नेमकं निम्मं होतं, म्हणून कुठे बघायचं ते फोनवरच कळलं. कनेक्टरचं टोक तापून तपकिरी झालं होतं. सैल जोडावर डीसीची ठिणगी सहज विझत नाही, गवत वाळलेलं असतं तर आग लागू शकली असती. कनेक्टरची जोडी बदलली आणि बिजागरीजवळ वायरीला हातभर सैल वळसा ठेवला. कोन बदलण्याआधी पॅनेलकडचा एमसीबी बंद करायचा, बदलल्यावर दोन्ही वायरींवर क्लॅम्प मीटर धरून अँपिअर सारखे आहेत का बघायचं, आणि मगच हात धुवायचे, हे गुरुजींनी आता चौकटीलाच पाटी लावून लिहून ठेवलंय.

२०२३ चा हिवाळा एकदाही इन्व्हर्टर न पडता गेला.

आज वेगळं काय केलं असतं

पहिली गोष्ट, बिजागरीच्या खर्चाआधी मी त्यांना पॅनेलं ३० अंशांत कायमची पक्की करायचा पर्याय सांगायला हवा होता. डिसेंबरातल्या आठ टक्क्यांपैकी साडेसहा त्यातच मिळतात आणि पुन्हा कधी हात लावावा लागत नाही. मे महिन्यात तोटा होतो, पण तेव्हाची वीज उरतेच. जुलैत पाच टक्के कमी पडतात, ते मात्र सोसावे लागतात. ज्या घरात पावसाळ्यात कोणी राहत नाही, तिथे मी आता हाच कोन देतो आणि बोल्ट पक्के आवळतो. गुरुजी बारा महिने तिथेच राहतात, रोज पॅनेलांवरून त्यांची नजर फिरते आणि काकू आकडा लिहितात, म्हणून त्यांच्याकडे दोनदा बदलणं टिकलं. छपरावर, शिडी लावून चढावं लागणाऱ्या पॅनेलांना चार टक्क्यांसाठी मी हे सुचवणार नाही. ३५ अंशांत विसरून राहिलेलं पॅनेल पक्क्या २० पेक्षा वाईट.

दुसरी, तिसऱ्या पॅनेलची जागा सुरुवातीलाच आखून ठेवली असती. पाहुण्यांचं काम चाललं आणि २०२४ च्या हिवाळ्याआधी ते पॅनेल आलंच. गुरुजींना ते मागच्या रिकाम्या जागेत लावायचं होतं. पण पुढचं पॅनेल ३५ अंशांत असताना त्याची वरची कड सव्वा मीटरच्या आसपास उंच जाते आणि डिसेंबरात भर दुपारीही तिची सावली मागे मीटरभर पडते, सकाळी तर त्याच्या दुपटीहून लांब. २० अंशांच्या जमान्यात जी जागा मोकळी वाटत होती ती आता सावलीची झाली होती. शेवटी काकूंच्या तुळशी वृंदावनाच्या बाजूला दोन फरशा उखडून ते पॅनेल त्याच ओळीत, शेजारी बसवलं. त्याला बिजागरी लावली नाही. ते ३० अंशांत पक्कं आहे, आणि काकूंच्या वहीत आता तिन्ही पॅनेलांच्या अँपिअरचे वेगवेगळे रकाने आहेत.